चार आठवडे चेंडूच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

*वाचकाची प्रतिक्रिया: "सहा महिन्यांच्या प्लॅनमध्ये पहिले चार आठवडे फक्त उसळणारा चेंडू? आमच्या क्लासमध्ये मुलं दुसऱ्या आठवड्यात वॉक सायकल करतात. खेड्यातल्या पोरांना असं चेंडूत गुंतवून ठेवणं म्हणजे त्यांचा वेळ फुकट घालवणं आहे. अ‍ॅनाटॉमी कुठंच नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरवर कोणी अ‍ॅनिमेटर होत नसतो. लिहिण्याआधी जरा इंडस्ट्री बघून या."*

भाऊ, तुमचं म्हणणं पटलं नाही एवढंच लिहिलं असतं तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण "खेड्यातली पोरं" हे शब्द तुम्ही ज्या सुरात वापरलेत, तो मला लागला. ही वही मी ज्यांच्यासाठी लिहितो ती पोट्टी सकाळी कापूस वेचून आल्यावर, लाईन असेल तेव्हा, जुन्या लॅपटॉपवर बसतात. त्यांच्या वेळेची किंमत मला कोणी शिकवू नये. आणि इंडस्ट्री म्हणाल तर मुंबईच्या एका स्टुडिओत मी इन-बिट्वीनर, म्हणजे मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणारा, म्हणून काम केलंय. त्याआधी नागपूरच्या एका क्लासची फी बापानं बैलजोडी विकून भरली होती. त्या क्लासातही दुसऱ्याच आठवड्यात वॉक सायकल होतं. माझं पात्र चालायचं आणि पाय फरशीवर तेल सांडल्यासारखे घसरायचे. का घसरतात, हे तिथं कोणी सांगितलं नाही. ते मला पुढं चेंडूनं सांगितलं.

एक मान्य करतो. चौथ्या आठवड्यात चेंडूला शेपटी लावायची आहे. पहिले तीन ज्यांचे चोख झाले असतील, त्यांनी तो अर्ध्या आठवड्यात उरकला तरी हरकत नाही. पहिल्या तिनांतून मात्र एक दिवसही काढणार नाही.

तुम्ही "फक्त चेंडू" लिहिलंत म्हणून विचारतो, पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं ते वाचलं होतं का? छातीइतक्या उंचीवरून, म्हणजे साधारण १२० सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात खाली येतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १२ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं, म्हणजे वरचं पहिलं चित्र सोडून सहा चित्रं. आडव्या ए-फोर कागदावर ही उंची १८ सेंटीमीटर घ्या. आता चेंडू प्रत्येक चित्रात ३ सेंटीमीटर खाली आणला तर वेळ बरोबर येते, पण चेंडू पडत नाही, दोरीनं विहिरीत सोडल्यासारखा उतरतो. पडणाऱ्या वस्तूची अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ अशी वाढतात. त्यांची बेरीज ३६. म्हणून १८ सेंटीमीटरचे अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरचे ३६ भाग करायचे. चेंडूचा तळ आधी अर्धा सेंटीमीटर उतरतो, मग दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, आणि शेवटच्या उडीत साडेपाच.

सारवलेल्या अंगणात जुना टेनिसचा चेंडू साधारण पाव उंचीवर येतो. पाव उंची म्हणजे कागदावर साडेचार सेंटीमीटर. पण वेळ पाव लागत नाही, निम्मी लागते. सहा फ्रेम, तीन चित्रं, आणि वर जाताना अंतरं उलटी: अडीच, दीड, अर्धा. उंची आणि वेळ एकाच मापानं कमी होतात असं धरून चालणारा मुलगा दुसरी उसळी दीड फ्रेममध्येच उरकतो आणि चेंडू थरथरल्यासारखा दिसतो. हे कळायला क्रिटा या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ओनियन स्किन लावून सगळी चित्रं एकदम बघायची. चेंडू वरच्या टोकाला दाटीनं आणि जमिनीजवळ विरळ दिसायला हवेत. सगळीकडे सारखी दाटी दिसली की परत काढा.

दुसरी चूक टेकण्याच्या चित्राची. ते वगळलं तर चेंडू जमिनीला न लागताच वळतो. तेच चित्र दोनऐवजी चार फ्रेम ठेवलं तर चेंडू चिखलात बसल्यासारखा चिकटतो. आणि दाबलेला चेंडू नुसता बुटका करून चालत नाही. २ सेंटीमीटरचा गोल १.६ उंच केला तर रुंदी २.५ व्हायला हवी, नाहीतर दर उसळीला चेंडूतली हवा गेल्यासारखी दिसते.

मोबाईलवर स्वतःचा चेंडू चित्रित करून फ्रेम मोजायला सांगितलंय, तिथंही एक खड्डा आहे. मोबाईलचा व्हिडिओ सहसा सेकंदाला ३० फ्रेमचा असतो, म्हणून तिथं अर्ध्या सेकंदाच्या १५ मोजल्या जातात. त्या तशाच २४ च्या टाइमलाइनवर टाकल्या की चेंडू सुस्तावतो. हे लक्षात यायलाच कित्येकांचे दोन-तीन दिवस जातात, आणि ते जाऊ द्यावेत.

दुसरा आठवडा चेंडूच्या वाटेच्या कमानीचा, त्यावर तुमचं काही म्हणणं नाही. तिसऱ्यात शाळेचा गोळाफेकीचा गोळा आणि टेनिसचा चेंडू शेजारी शेजारी पाडायचे आहेत. जवळजवळ प्रत्येक जण गोळा लवकर पाडतो, जड आहे म्हणून. प्रत्यक्षात दोन्ही त्याच १२ फ्रेममध्ये खाली येतात. वजन पडण्यात दिसत नाही, टेकल्यानंतर दिसतं. चेंडू वर येतो, गोळा जेमतेम हलतो आणि जागेवर बसतो. पुढं पाचव्या-सहाव्या आठवड्यात अर्ध भरलेलं पोतं उचलायचं आहे. गोळ्याशी झगडलेला मुलगा पोत्याचं वजन पोतं वर असताना दाखवायला जात नाही.

आता तुमचं वॉक सायकल. पात्र जागच्या जागी चालतंय, एक पाऊल १२ फ्रेमचं, म्हणजे सहा चित्रं, पावलाची लांबी ६ सेंटीमीटर. जो पाय जमिनीवर टेकलेला आहे, तो दर चित्रात बरोबर एक सेंटीमीटर मागं जायला हवा, कारण त्याच्याखालची जमीन एकसारखी सरकतेय. हवेतल्या पायाची अंतरं मात्र कमी-जास्त होतात. म्हणजे एकाच चित्रात एक पाय सारख्या अंतराचा आणि दुसरा बदलत्या अंतराचा. चेंडूवर हात न बसलेला पोरगा दोन्ही पायांना सारखीच वागणूक देतो, टेकलेल्या पायालाही हळू-जोरात नेतो, आणि पाय घसरतात. माझे तसेच घसरायचे. दुसऱ्या आठवड्यात वॉक सायकल करून घेणाऱ्यानं हे पाय कधी मोजलेत का?

अ‍ॅनाटॉमी नाही म्हणता, ती सातव्या आठवड्यापासून रोज अर्धा तास आहे, खाली स्क्रोल करा. फुकटचं सॉफ्टवेअर म्हणाल तर क्रिटा किंवा पेन्सिल-टूडी कमी पडलं म्हणून कोणाचा चेंडू अडलेला मी पाहिला नाही. लाईन गेली तर दोन भोकांचं पंचिंग मशीन, तेवढ्याच अंतरावर खुंट्या ठोकलेली पाटी आणि खिडकीच्या काचेवरचा उजेड, एवढ्यातही पहिला आठवडा होतो. "कोणी होत नसतो" हे वाक्य असं ठोकून देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, ते मला कळलेलं नाही.

तुमच्या क्लासातलं दुसऱ्या आठवड्याचं एक वॉक सायकल मला पाठवा, ओनियन स्किन चालू ठेवून. टेकलेल्या पायाची टाच प्रत्येक चित्रात किती सरकली, ते पट्टीनं मोजून सोबत लिहा. अंतरं सारखी निघाली तर चार आठवड्यांबद्दल आपण पुन्हा बोलू.