बँडवरचे ८६ आणि रुग्णालयातले ९८

प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून वडिलांना मनगटावर बांधायचा स्मार्ट बँड घेतला. परवा पहाटे झोपेत ऑक्सिजन ८६ आणि नाडी ४८ दाखवली. भर पावसात गाडी करून गावातून रत्नागिरीला नेले, तर तिथे ९८! असले लेख लोकांना उगाच घाबरवतात."

उत्तर: आपला संताप समजू शकतो, पावसाळ्यात पहाटे गाडी मिळवणे म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तरीही ९८ आले म्हणून ८६ खोटे ठरते, असे मात्र मी म्हणणार नाही. एक आकडा झोपेतला आहे आणि दुसरा जागेपणीचा.

रुग्णालयात बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरच्या चिमट्यात प्रकाश बोटाच्या आरपार जातो, तर बँड मनगटावरून परत आलेल्या लाल व अवरक्त प्रकाशावरून अंदाज बांधतो. हात अंगाखाली दबला, पट्टा सैल असला किंवा हात गार पडले की हा संकेत क्षीण होतो आणि आकडा घसरतो. आपल्या नोंदीत खरा दुवा नाडीचा आहे. त्या वेळी अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले असते आणि ते समजा ७४ भरले असते, तर बँडचे ठोकेच निसटत आहेत हे कळले असते, आणि अशा वेळी त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्यावरही भिस्त ठेवता येत नाही. मोजताना ठोके अनियमित वाटले, तर मात्र ईसीजी काढून घ्यावा.

पुन्हा इशारा आला, तर आधी वडिलांना जागे करून त्यांच्याकडे नीट पाहा. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर कोणताही आकडा न पाहता १०८ ला फोन करावा. बँडने ९७ दाखवले तरीही. यांपैकी काही नसेल, तर त्यांना उठवून बसवावे, हात चोळून गरम करावेत आणि बोटाला चिमटा लावून आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. (बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, तर दुसरे बोट घ्यावे.) स्थिर आकडा ९५ किंवा त्याहून जास्त असेल, तर रात्रीच धावपळ करण्याचे कारण नाही. ९२ ते ९४ राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ९२ च्या खाली टिकला तर लगेच दाखवावे. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांची मर्यादा वेगळी असते, ती त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेली असावी. स्वस्थ बसलेले असताना नाडी १२० च्या वर टिकून राहिली, तरी त्याच दिवशी दाखवावे.

आता राहतो तो झोपेचा प्रश्न. वडील मोठ्याने घोरतात का, मध्येच श्वास थांबून दचकतात का, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेतात का, हे आईंना विचारावे. उत्तर होकारार्थी असेल आणि पट्टा घट्ट बांधूनही रात्रीमागून रात्री आकडा उतरत असेल, तर झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. त्यात जागेपणी ९८ येणे अगदी स्वाभाविक आहे, आणि निदान बँडवर नव्हे तर झोपेच्या तपासणीत होते. बँडमधील रात्रींचे आलेख मात्र सोबत न्यावेत.