'ऑफ' कुणाचा: क्रियापदाचा की नामाचा?

इंग्रजीतल्या 'टर्न ऑफ', 'लुक आफ्टर' अशा जोडक्रियापदांबद्दल, म्हणजे फ्रेजल व्हर्ब्जबद्दल, असं सांगितलं जातं: "क्रियापदापुढे ऑन, ऑफ, अप, डाउन आलं की ते प्रेपोझिशन. जोडी सेपरेबल आहे की नाही, म्हणजे मध्ये ऑब्जेक्ट घालून तोडता येते की नाही, ते पाठच करायचं, त्याला नियम नाही. सेपरेबल असली की ऑब्जेक्ट मध्ये टाका नाहीतर शेवटी, सगळं चालतं."

पहिला मुद्दा. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न ऑफ द हायवे' ही वाक्यं दिसायला सारखीच. आता ऑब्जेक्ट मध्ये आणून बघा. 'टर्न द लाइट ऑफ' बिनधास्त चालतं. 'टर्न द हायवे ऑफ' म्हणालात तर महामार्गच बंद करायला निघालात! नामाऐवजी 'इट' घातलं की फरक आणखी उघडा पडतो: दिव्यासाठी 'टर्न इट ऑफ', रस्त्यासाठी 'टर्न ऑफ इट'. दिव्याचा ऑफ क्रियापदाच्या घरचा, म्हणून पार्टिकल. रस्त्याचा ऑफ नामाला धरून असतो. तो खरा प्रेपोझिशन.

शंका राहिलीच तर मध्ये क्रियाविशेषण घाला. 'टर्न शार्पली ऑफ द हायवे' बरोबर आहे, पण 'टर्न क्विकली ऑफ द लाइट' कुणी म्हणत नाही. ही चाचणी मात्र एकतर्फी आहे. क्रियाविशेषण मध्ये सहज बसलं आणि पुढे ऑब्जेक्ट आहे, तर प्रेपोझिशन समजा. बसलं नाही म्हणून लगेच पार्टिकल ठरत नाही. 'लुक आफ्टर'सारख्या मुरलेल्या जोड्यांत ते अवघडतंच, तरी तिथला आफ्टर प्रेपोझिशनच आहे. निकाल 'इट'वर सोडावा: 'लुक आफ्टर इट', कधीच 'लुक इट आफ्टर' नाही.

पाठांतराचा मुद्दा अर्धाच खरा. अर्थ पाठ करावा लागतो, जागा बहुतेक वेळा नाही. ॲट, फॉर, फ्रॉम, विथ, इन्टू, आफ्टर दिसले की जोडी तोडायची नाही. अवे आणि बॅक सहसा पार्टिकल असतात: 'थ्रो इट अवे', 'गिव्ह इट बॅक'. डोकं लावायचं ते ऑन, ऑफ, इन, अप, डाउन, ओव्हर, थ्रू यांच्यापाशी, कारण ते दोन्ही कामं करतात. 'गेट ओव्हर इट' तुटत नाही, 'थिंक इट ओव्हर' मात्र तोडावंच लागतं.

'सगळं चालतं' हे तर साफ चूक. ऑब्जेक्ट साधं नाम असेल तरच दोन्ही जागा मोकळ्या. इट, देम, हिम आले की मध्येच. 'कॉल अप हिम' हमखास कापलं जाणारं वाक्य. उलट ऑब्जेक्ट लांबलचक असेल, जसं 'द लाइट दॅट यू लेफ्ट ऑन इन द किचन', तर ते शेवटीच ठेवा. मध्ये कोंबलं तर ऑफ येईपर्यंत वाचणारा 'टर्न' विसरलेला असतो.

'पुट अप विथ'मध्ये अप पार्टिकल आणि विथ प्रेपोझिशन आहे. त्यामुळे सर्वनामसुद्धा विथच्या नंतरच येतं: 'पुट अप विथ इट'.