बार मित्स्वा म्हणजे ज्यूंची मुंज?

फिरत असलेला मेसेज असा: «ज्यू लोकांत १३ व्या वर्षी मुलाची मुंज होते, तिला बार मित्स्वा म्हणतात. हा विधी केल्याशिवाय मुलगा खरा ज्यू होत नाही. विधी झाला की तो पूर्ण सज्ञान, लग्नालाही मोकळा! मुलींचं बात मित्स्वा मात्र अमेरिकेतलं अलीकडचं फॅड.»

मुंजीशी तुलना सुचते खरी, पण ती नेमकी मूळ मुद्द्यावरच फसते. मुंज लावावी लागते; न लावलेल्या मुलाची मुंज झाली असं कुणी म्हणत नाही. बार मित्स्वा कुणी लावत नाही, तो वयाबरोबर आपोआप येतो. 'बार' म्हणजे मुलगा, 'मित्स्वा' म्हणजे आज्ञा. आज्ञांनी बांधला गेलेला, असा तो शब्द त्या मुलाचं वर्णन करतो. समारंभाला तो नंतर चिकटला. हिब्रू पंचांगाने १३ वर्षं पूर्ण झाली की मुलगा बार मित्स्वा झाला, मग त्या दिवशी तो तापाने अंथरुणात का पडलेला असेना. आणि ज्यू तर तो जन्मापासूनच असतो.

हिब्रू पंचांगाने, हे मुद्दाम म्हटलं. आपल्यासारखाच त्यांनाही अधिक महिना असतो, फक्त तो दर वेळी अदारचाच. २०२४ साली दोन अदार आले होते. समजा, एक मुलगा पहिल्या अदारच्या २५ ला जन्मला (५ मार्च) आणि त्याचा चुलतभाऊ दुसऱ्या अदारच्या ५ ला (१५ मार्च). २०३७ मध्ये अदार एकच आहे. त्यात ५ तारीख आधी आणि २५ नंतर. म्हणजे दहा दिवसांनी धाकटा असलेला भाऊ वीस दिवस आधी बार मित्स्वा होणार! विधीने काही ठरत असतं तर ही गंमत उरलीच नसती.

मग सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जे दिसतं ते काय? मुलाला तोरा या मूळ धर्मग्रंथाच्या गुंडाळीपाशी बोलावतात, तो आशीर्वाद म्हणतो, पुष्कळदा त्या आठवड्याचा भाग स्वतः वाचतो. हा मान प्रौढांचा. तो आता त्याला मिळू शकतो, हे सगळ्यांसमोर दाखवलं जातं. अनेक ठिकाणी वडीलही एक छोटं वाक्य म्हणतात, आणि मला सगळ्यांत बोलकं तेच वाटतं: याच्यामुळे होणाऱ्या शिक्षेतून मला मोकळं केलं, म्हणून देवाचे आभार. तोवर मुलाला वळण लावणं ही बापाची जबाबदारी होती. इथून पुढे चुकला तर हिशेब मुलाच्या नावावर.

त्या हिशेबात काय काय येतं? शनिवार आणि मोठे सण वगळता रोजच्या सकाळच्या प्रार्थनेला तेफिलीन बांधायचे. या चामड्याच्या दोन काळ्या डब्या, आत तोरातले उतारे. एक दंडावर, एक कपाळाच्या वर. पट्टे नीट बसायला सवय लागते, म्हणून बरेच जण काही आठवडे आधीच सराव सुरू करतात. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा जवळपास २५ तासांचा निर्जळी उपास आता पूर्ण करायचा. आधीची वर्षं तो थोडा थोडा लांबवत नेलेला असतो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काम न करण्याचा नियमही आता त्याच्यावर स्वतःच्या नात्याने लागू. (कोकणातल्या बेने इस्राएल तेल्यांना 'शनवार तेली' हे नाव पडलं ते याच नियमामुळे; शनिवारी त्यांचा घाणा बंद.) शिवाय तो मिन्यानमध्ये, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहांत, धरला जातो. मृतासाठीचं कद्दिश म्हणायला नऊ पुरुष जमलेत आणि दहावा साडेबारा वर्षांचा, तर परंपरा काटेकोर पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या प्रथेत सर्वसाधारणपणे थांबावं लागतं. तोच मुलगा १३ पूर्ण झाल्यावर आला की प्रार्थना सुरू.

लग्नाची गोष्ट वेगळी. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन कायदेसंग्रहात वयांची एक यादी आहे. तिच्यात आज्ञांसाठी १३ आहे, पण लग्नासाठी १८ आणि उपजीविकेच्या मागे लागायला २०. धार्मिक कायद्यातही वडिलोपार्जित जमीन विकायला १३ पुरत नाहीत, २० लागतात. देशाच्या कायद्याने तर तो अजून शाळकरी पोरच.

राहिल्या मुली. त्यांचं वय १२, आणि तेही मिश्नाइतकंच जुनं: १२ पूर्ण झालेल्या मुलीने केलेला नवस तिला बांधील राहतो, असं तिथे स्पष्ट आहे. उपास, शब्बाथ हे सगळं तिलाही लागू. ठरावीक वेळेला बांधलेल्या काही आज्ञांतून, उदाहरणार्थ तेफिलीनमधून, ऑर्थोडॉक्स प्रथा बायकांना सूट देते आणि त्यांना मिन्यानमध्ये धरत नाही. तुलनेने मोकळ्या पंथांची, म्हणजे रिफॉर्म आणि बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह, सिनेगॉग धरतात. नवा आहे तो समारंभ. १८ मार्च १९२२ ला न्यूयॉर्कमध्ये रब्बी मोर्डेकाय कॅप्लन यांच्या मुलीने, ज्युडिथने, सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर तोरातला उतारा वाचला. तोही गुंडाळीतून नव्हे, हातातल्या छापील पुस्तकातून. अमेरिकेतलं पहिलं जाहीर बात मित्स्वा म्हणून हेच सांगितलं जातं. ज्युडिथ तेव्हा साडेबारा वर्षांची होती. म्हणजे तिच्यावरच्या आज्ञा तोवर सहा महिने आधीच सुरू झाल्या होत्या.