भोवरा दिसला म्हणजे पाऊस आलाच असं नाही, राजेहो

सकाळपासून चार ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. बंगालच्या उपसागरात मोठा पांढरा भोवरा, त्याचे पट्टे छत्तीसगडवरून आपल्या डोक्यावर आलेले, आणि खाली लाल अक्षरात "पुढचे ४८ तास विदर्भासाठी धोक्याचे". शेजारच्या काकांचा लगेच फोन, "मोबाईलात पाहून सांग ना बाप्पू, पंप भरू का नोको?" कपाशीवर मावा-तुडतुडे आहेत, औषध आणून ठेवलंय, आणि फोटो पाहून माणूस घाबरला. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांब होईल, टाईम असेल तेव्हा वाचा.

पहिली गोष्ट, हा फोटो पावसाचा नाही, ढगांच्या माथ्याचा आहे. आपले इन्सॅट उपग्रह जमिनीपासून जवळपास ३६ हजार किलोमीटरवर आहेत, त्यांना ढगाचा वरचा भाग दिसतो, खाली पाणी पडतंय का नाही ते दिसत नाही. ग्रुपवर येतो तो बहुतेक इन्फ्रारेड फोटो असतो, त्यावर TIR1 लिहिलेलं असते. त्यात जितकं थंड तितकं पांढरं. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड, म्हणून पांढरा रंग फक्त एवढंच सांगतो की ढग उंच आहे. काही जण रंग भरलेला फोटो टाकतात आणि लाल दिसलं की "अतिवृष्टी" लिहून मोकळे. लाल म्हणजे तिथं माथा लय थंड आहे, बस. आणि वेळ बघा. फोटोवरची वेळ UTC मध्ये असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. आजच्या फोटोवर 0300 UTC होतं, म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. ज्या फोटोवरची वेळेची पट्टी कापलेली आहे तो मी पाहतच नाही, मागच्या वर्षीचा पण असू शकतो.

आता भोवऱ्याकडे या. आपल्याकडे हा उलट्या काट्याने फिरतो. लोक भोवऱ्याचं केंद्र शोधतात आणि ते जवळ आलं की जास्त पाऊस असं धरतात. चक्रीवादळात केंद्राच्या आजूबाजूला पाऊस जास्त असतो हे खरं, पण पावसाळ्यातलं कमी दाबाचं क्षेत्र किंवा डिप्रेशन वेगळं वागतं. त्याच्यात सगळ्यात जोरदार पाऊस केंद्राच्या नैऋत्येला पडतो, केंद्रापासून दोन-तीनशे किलोमीटर लांबपर्यंत. कारण अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा दक्षिण बाजूने आत ओढला जातो, पश्चिम बाजूने उत्तरेकडचा वारा फिरून खाली येतो, दोघं नैऋत्येला एकमेकांवर येतात आणि हवेला वर चढण्याशिवाय जागाच राहत नाही. केंद्रावर कधी कधी चक्क मोकळं असतं.

म्हणून प्रश्न "भोवरा किती मोठा" हा नाहीच, "केंद्र आपल्या कोणत्या बाजूने जाणार" हा आहे. आजच्या फोटोत केंद्र ओडिशाच्या किनाऱ्याजवळ आहे. तिथून गोंदिया साधारण साडेसहाशे-सातशे किलोमीटर. अशी सिस्टीम ताशी पंधराएक किलोमीटरने सरकली तर दिवसाला साडेतीनशे, म्हणजे केंद्र छत्तीसगड पार करायला दोन दिवस. पण पाऊस केंद्राच्या पुढे नैऋत्येला चालतो ना, त्यामुळे गडचिरोली-गोंदियात तो आधीच लागणार, बहुतेक उद्या. केंद्र रायपूरच्या आसपास आलं की आमचं यवतमाळ त्याच्या पश्चिम-नैऋत्येला येतं, तेव्हा आमची झड. म्हणजे आमच्याकडे परवा धरा. हेच केंद्र वर झारखंडवरून उत्तर प्रदेशाकडे वळलं तर आपल्याला नुसता वारा आणि चार शिंतोडे, आणि खाली आंध्र-तेलंगणातून गेलं तर आपण उत्तर बाजूला पडतो, चंद्रपूर-गडचिरोलीला थोडंफार मिळेल पण बुलडाण्याने वाटच पाहायची. भोवरा तोच, फोटो तितकाच भारी दिसणार.

मग आज सकाळी आपल्यावर पांढरं दिसतंय ते काय? खरं तर सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. पावसाळ्यात चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरात वाहतो, खालच्या वाऱ्याच्या अगदी उलट. ओडिशा-छत्तीसगडच्या मोठ्या ढगांचे माथे तो वारा ओढत ओढत आपल्याकडे आणतो. धूर पसरला तिथं चूल नसते, तसंच हे. हा बर्फाच्या कणांचा पातळ पडदा आहे, त्यातून थेंब खाली येत नाही. आज सकाळी वावरात उभा होतो तर आभाळ दुधाळ, सूर्याभोवती खळं पडलेलं, आणि धुऱ्यावर सावली स्पष्ट दिसत होती. झडीच्या ढगाखाली सावली पडत असते का?

फोटोत हा फरक ओळखायचा तर ढगाची कड पहा. खऱ्या पावसाच्या ढगाची पूर्वेकडची कड कापल्यासारखी धारदार असते आणि पश्चिमेची कड विस्कटलेली, फिकट होत जाणारी. पाऊस धारदार बाजूला असतो. दिवसा असेल तर त्याच वेळचा VIS फोटो पण उघडा, म्हणजे साधा उजेडातला. पातळ पडदा असेल तर त्यातून खालची जमीन दिसते, खरा ढग गाठी-गाठीचा दिसतो आणि सकाळ-संध्याकाळ त्या गाठींच्या सावल्या पण दिसतात. आणि एक फोटो पाहून काहीच ठरवू नका, तीन तासांच्या अंतराचे दोन घ्या, नागपूरवर बोट ठेवा आणि पहा की गाठी आपल्याकडे सरकताहेत का नुसता धूसर भाग पसरतोय.

याला मर्यादा आहेतच. इन्फ्रारेडमध्ये राखाडी दिसणाऱ्या मध्यम उंचीच्या ढगातून पण तासन्तास रिमझिम होते, ती फोटोत कोणाला भारी वाटत नाही. आणि सिस्टीम नसताना दुपारी तापून जे सुटे ढग फुटतात, एका गावात धो-धो आणि दुसऱ्या गावात धूळ, ते आदल्या दिवशीच्या फोटोत नसतातच. तेव्हा नागपूरचं रडार पहावं, पण ते पण अकोला-वाशीम-बुलडाण्याकडे कमजोर पडतं, कारण लांब गेल्यावर रडारचा झोत जमिनीपासून बराच वर गेलेला असतो आणि खालचा पाऊस त्याला दिसत नाही.

काकांना सांगितलं की आज मारून घ्या, वारा पडल्यावर मारा, युरिया मात्र आत्ता टाकू नका, परवाच्या झडीत वाहून जाईल. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज पण पाहिला, त्यात पूर्व विदर्भाला उद्याचा इशारा आहे आणि आम्हाला परवाचा, म्हणजे गणित जुळतंय. खात्याचं आणि माझं जुळलं नसतं तर मी खात्याचं ऐकलं असतं, त्यांच्याकडे फोटोशिवाय वाऱ्याची मोजमापं आणि मॉडेलं आहेत.

भंडारा-गोंदियावाल्यांनी मात्र पांढरा पट्टा आपल्यावर नाही म्हणून निवांत बसू नये. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनीकडून येते. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस पूर आला तो मुख्यतः वरच्या पावसाचा आणि धरणातून सोडलेल्या पाण्याचा होता. केंद्र पुढे निघून गेलं, आपल्याकडे उघाड पडली आणि सिवनी-बालाघाटवर धारदार कडेचा ढग तासन्तास एकाच जागी बसलेला दिसला तर नदीकाठचे मोटरपंप आधी वर काढा, फोटो नंतर फॉरवर्ड करा.