तुकडे होतात, पण मोरोक्कोचं उत्तर देता येतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

सेमिनारमध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा एकेक पेपर घेऊन नव्हे, तर मुद्देवार मांडावा, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली.

«मुद्देवार मांडणी दिसायला छान असते, पण त्यात मूळ अभ्यासाचे तुकडे होतात. कोणी, कुठे, कोणावर अभ्यास केला हे हरवतं आणि विद्यार्थी प्रत्येक पेपरमधलं सोयीचं वाक्य उचलून मोकळे होतात. आमच्या गाइडनी आम्हाला एकेक पेपर मांडायला लावला, म्हणून निदान पेपर वाचावे तरी लागले. तुमच्याच सूक्ष्मकर्जाच्या उदाहरणात समितीतल्या कोणी ‘मोरोक्कोत नेमकं काय केलं होतं?’ विचारलं, तर तुमचा विद्यार्थी काय सांगणार?»

सर, तुकडे होतात हे खरं आहे, आणि मूळ लेखात मी त्यावरून घाईने पुढे गेले होते. तुमच्या गाइडच्या पद्धतीत पेपर वाचावेच लागायचे, हेही मान्य. पण वाचलेलं सगळं वाचलेल्याच क्रमाने समोरच्यांना ऐकवायचं का, हा प्रश्न मला वेगळा वाटतो. तो मला माझ्याच सेमिनारमध्ये कळला, तोही चांगलाच महागात पडून.

विषय हाच होता, गरीब कुटुंबांना दिलेलं सूक्ष्मकर्ज. वेळ २० मिनिटं, पेपर १४. प्रत्येक पेपरला एक स्लाइड आणि तिच्यावर लेखक, वर्ष, देश, नमुना, पद्धत, निष्कर्ष. सुरुवात १९९८ च्या बांगलादेशपासून. अध्यक्षांनी घंटी वाजवली तेव्हा मी नवव्या पेपरवर होते. राहिलेले पाच ‘वेळेअभावी’ गेले, आणि नेमके तेच सगळ्यात नवे होते. मग पहिला प्रश्न आला, ‘म्हणजे कर्ज मिळाल्यावर घरखर्च वाढतो की नाही?’ मी म्हटलं, काही ठिकाणी वाढतो, काही ठिकाणी नाही. ‘कुठे वाढतो? आणि तिथेच का?’ यावर माझ्याकडे काहीच नव्हतं. चौदाही पेपर मी खरोखर वाचले होते. पण त्यातले कुठलेही दोन शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

आता मोरोक्को. माझी विद्यार्थिनी काय सांगेल ते सांगते, कारण आम्ही याची तालीम केली आहे. ‘ग्रामीण भाग, जिथे आधी दुसरी सूक्ष्मकर्ज संस्था पोचलीच नव्हती. सारखी दिसणारी गावं जोडीने घेतली, जोडीतल्या एका गावात कर्ज सुरू केलं, दुसऱ्यात नाही. कर्ज असलेल्या गावांत १३ टक्के घरांनी ते घेतलं, दुसऱ्या गावांत कोणीच नाही. स्वतःच्या धंद्यातला नफा वाढला, पण तेवढीच मजुरीची कमाई घटली, म्हणून एकूण उत्पन्न आणि घरखर्च होता तिथेच राहिला.’ अर्ध्या मिनिटात होतं. हे तिला मुद्देवार मांडूनही सांगता येतं, कारण मांडणीच्या आधी तक्ता आहे. मूळ लेखात मी या तक्त्याला एकच ओळ दिली होती. ती चूक आता दुरुस्त करते.

तक्त्यात आडव्या ओळीत पेपर आणि उभ्या रकान्यात प्रश्न. कर्ज कोणी घेतलं? तुलना कोणाशी केली? धंद्याचं काय झालं? घरखर्चाचं काय झालं? भरताना एकेक ओळच भरायची, म्हणजे एका वेळी एक पेपर, तुमच्या गाइडनी सांगितलं तसाच. एखादी चौकट रिकामी राहिली तर पेपर पुन्हा उघडायचा. ओळी भरल्या की रकाने वरून खाली वाचायचे. सेमिनारमध्ये बोलायचं ते या रकान्यांतून. तक्ता स्वतः छापून समितीच्या हातात द्यायचा आणि त्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही. कोणी, कुठे, कोणावर हे त्या कागदावर कायम समोर असतं.

घरखर्चाचा रकाना उदाहरणाला घेऊ. अमेरिकन इकॉनॉमिक जर्नलच्या अप्लाइड मालिकेत जानेवारी २०१५ मध्ये सहा देशांतले प्रयोग एकत्र छापून आले. हैदराबाद आणि मोरोक्कोत घरखर्चात वाढ दिसत नाही. मंगोलियात गटाला दिलेल्या कर्जामुळे घरातला खाण्यावरचा खर्च वाढला, पण एकेकट्या बाईला दिलेल्या कर्जात तसं दिसलं नाही. बोस्नियात तर खर्च आणि बचत घटल्याच्या खुणा आहेत. ओळीओळीने वाचताना ही चार वेगळी गावं वाटतात. रकान्यातून वाचलं की प्रश्न आपोआप उभा राहतो, बोस्निया उलटं का जातंय?

उत्तर शेजारच्याच रकान्यात आहे, ‘कर्ज कोणी घेतलं?’ मोरोक्कोत आणि हैदराबादमध्ये कर्ज गावात किंवा वस्तीत आणलं गेलं. घ्यायचं की नाही ते लोकांनी ठरवलं. बोस्नियात अर्ज करून आलेल्या, पण संस्थेला जेमतेम वाटलेल्या लोकांतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड झाली. म्हणजे ज्यांना एरवी बहुतेक नकारच मिळाला असता, ते. त्यांनी धंदा सुरू केला किंवा वाढवला, दुकानात माल भरला, आणि घरातली १६ ते १९ वर्षांची मुलं धंद्यात जास्त राबू लागली. हातात साठवण कमी असेल तर धंद्यात घालायचा पैसा घरखर्चातूनच निघणार, असं समजायला जागा आहे. ही माझी जोडणी आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि सेमिनारमध्ये विद्यार्थ्याने ती तशीच सांगावी. पण ही जोडणी पेपरवार मांडणीत सुचतच नाही, कारण बोस्नियाची स्लाइड आणि मोरोक्कोची स्लाइड यांच्यामध्ये तीन दुसरे देश येऊन बसतात.

तुम्ही म्हणता त्या ‘सोयीच्या वाक्या’चा धोका याच रकान्यात सगळ्यात जास्त आहे, आणि तो तुमच्या लक्षात आला त्याहून मोठा आहे असं मला वाटतं. विद्यार्थी रकाना वरून खाली वाचतो, मनात मोजतो आणि स्लाइडवर लिहितो, ‘बहुतेक अभ्यासांत घरखर्चावर परिणाम होत नाही.’ हे मतदान झालं, आढावा नव्हे. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक पडत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

मी वर्गात फळ्यावर हा हिशेब करून दाखवते. गावात १०० घरं. मोरोक्कोसारखं १३ घरांनी कर्ज घेतलं. समजा त्या १३ घरांचा खर्च चक्क १० टक्के वाढला आणि बाकी ८७ घरांचा आहे तिथेच राहिला. सगळ्या गावाची सरासरी काढली तर वाढ येते १.३ टक्के. घरखर्चाच्या पाहणीत लोक आठवून आठवून आकडे सांगतात, दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्या गोंगाटात १.३ टक्के ऐकूच येणार नाहीत. हैदराबादमध्ये तर आणखी कठीण. तिथे प्रयोगातल्या संस्थेने ज्या वस्त्यांत नवी शाखा उघडली नाही, तिथेही इतर संस्था कर्ज देतच होत्या. शाखा उघडल्यानंतरच्या पहिल्या पाहणीत सूक्ष्मकर्ज असलेली घरं शाखा असलेल्या वस्त्यांत सुमारे २७ टक्के, नसलेल्या वस्त्यांत सुमारे १८. तुलना होतेय ती त्या आठ-नऊ टक्क्यांच्या फरकाच्या जोरावर. मोरोक्कोच्या संशोधकांना ही अडचण ठाऊक होती, म्हणून कर्ज घेण्याची शक्यता जास्त असलेली घरं त्यांनी मुद्दाम पाहणीत घेतली. त्यामुळे या दोन्ही ठिकाणचा ‘फरक नाही’ एकाच रकान्यात बसला तरी एकाच वजनाचा नाही.

म्हणून आमच्याकडे एक कडक नियम आहे. स्लाइडच्या मथळ्यावर नाम चालणार नाही, पूर्ण वाक्य हवं. ‘घरखर्च’ हा मथळा नव्हे. ‘कर्ज उपलब्ध झाल्याने वस्तीचा सरासरी घरखर्च वाढलेला दिसत नाही, पण कर्ज घेणारी घरंच थोडी आहेत’ हा मथळा. लांब आहे, मान्य. पण यात मागचं अर्धं वाक्य गाळता येत नाही, आणि सोयीचं वाक्य उचलणारा तिथेच अडकतो. मथळ्याखाली प्रत्येक ठिकाणाचं नाव, आणि नावापुढे तुलना कशाशी केली ते तीन-चार शब्दांत.

आता जिथे तुमची पद्धत बरोबर आणि माझी चूक, ती जागा. बांगलादेशचा वाद. पिट आणि खांडकर यांनी १९९८ मध्ये मांडलं की बाईला दिलेल्या दर १०० टक्यांमागे घरखर्च १८ टक्यांनी वाढतो. टका म्हणजे तिथलं चलन. हा आकडा पुढे जगभर फिरला. त्याच सुमारास मॉर्डक यांनी त्याच पाहणीची आकडेवारी घेऊन दाखवलं की अर्ध्या एकरापेक्षा जास्त जमीन असलेल्यांना कर्ज मिळत नाही असं गृहीत धरलंय, पण प्रत्यक्षात तशा बऱ्याच घरांनी कर्ज घेतलं होतं. मग मूळ लेखकांची उत्तरं, मग २०१४ मध्ये रूडमन आणि मॉर्डक यांची फेरतपासणी, जिच्यात तो निष्कर्ष टिकत नाही असं दिसलं. यातला कुठलाही पेपर सुटा काढून वेगवेगळ्या मुद्द्यांखाली टाकला तर भांडणच कळत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात १८ टक्यांचा आकडा ‘घरखर्च’ या स्लाइडवर होता आणि फेरतपासणी ‘पद्धती’ या स्लाइडवर. मध्ये सहा मिनिटांचं अंतर. ऐकणाऱ्याला वाटावं की आकडा पक्का आहे आणि पद्धतीबद्दल कोणाची तरी किरकोळ तक्रार आहे. एकाच आकडेवारीवर वाद चालला असेल तिथे पेपर एकामागून एक, वर्षाच्या क्रमानेच सांगावेत. पण त्या अख्ख्या वादाला एक मुद्दा समजून. ‘चिठ्ठी न टाकता काढलेले जुने आकडे कितपत धरावेत?’ हा तो मुद्दा, आणि २०१५ चे प्रयोग लगेच त्याच्यानंतर.

आणखी एक कबुली. एखादा पेपर तीन मुद्द्यांत येतो तेव्हा तिसऱ्या वेळी ऐकणाऱ्याला तो नवा पेपर वाटतो. ‘मोरोक्कोत असं, मोरोक्कोत तसं’ ऐकून एका प्राध्यापकांनी मला विचारलं होतं की मोरोक्कोवर एकूण किती अभ्यास आहेत. तेव्हापासून दुसऱ्यांदा नाव घेताना ‘मघाचंच मोरोक्को’ म्हणायची सवय लावली आहे. कानाला गावंढळ वाटतं, पण गोंधळ थांबतो.

तुमच्या विद्यार्थ्यांकडे पेपरवार तयार केलेल्या स्लाइड असतील तर त्या फेकू नका. शेवटच्या आभाराच्या स्लाइडनंतर तशाच लावून ठेवा, वर्षाच्या क्रमाने. मोरोक्को विचारलं की तिथे उडी मारायची. आमच्याकडे मागच्या खेपेला समितीने त्यातली एकच उघडायला लावली, आणि ती बोस्नियाची निघाली.