सूट आधी की कर आधी

न्हाणीघराची डागडुजी काढली की माणसाला फरशीचा रंग, नळाची उंची आणि गवंड्याची वेळ या तीन गोष्टींची काळजी वाटते. बिलाची बेरीज ही चौथी गोष्ट आहे, हे कोणी आधी सांगत नाही. बेळगावातल्या ज्या दुकानातून मी फरशा, बेसिन आणि नळ घेतले, तिथे मालकांनी तोंडभरून ‘सरांना 10 टक्के डिस्काउंट’ असे जाहीर केले होते. आणि जाहीर केलेली सूट बिलावर कोणत्या ओळीत उतरते, यावर तिचे खरे वजन ठरते, हे मला त्या कागदाने शिकवले.

कागद असा होता. फरशांच्या 24 पेट्या, 850 रुपयांप्रमाणे 20,400, बेसिन 6,200, नळ आणि इतर जोडकाम 13,400, एकूण 40,000 रुपये. तिन्हींवर जीएसटी 18 टक्केच असल्यामुळे त्याखाली सीजीएसटी 9 टक्के 3,600 आणि एसजीएसटी 9 टक्के 3,600. त्याखाली डिस्काउंट 4,000 वजा. सर्वांत खाली जाड ठशात 43,200 रुपये, आणि त्याखाली कन्नडमध्ये ‘धन्यवादगळु’.

वरवर पाहता यात खोट काढायला जागा नाही. चाळीस हजारांचे 10 टक्के चार हजारच होतात, कर बरोबर आहे, बेरीज-वजाबाकीही बरोबर आहे. परंतु घरी मी आधी सूट वजा करून 36,000 वर 18 टक्के कर लावला होता. तो 6,480 येतो आणि एकूण रक्कम 42,480 होते. म्हणजे 720 रुपयांचा फरक, आणि तोही प्रत्येक आकडा सुटा सुटा बरोबर असताना!

मी हा हिशेब शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितले, ‘क्रमाने काही फरक पडत नाही. आधी सूट द्या नाहीतर आधी कर लावा, उत्तर एकच.’ त्यांनी ते करूनही दाखवले: 40,000 वर 18 टक्के लावून 47,200, त्याचे 10 टक्के म्हणजे 4,720 वजा, उरले 42,480. माझेच उत्तर! टक्केवारीची सूट आणि टक्केवारीचा कर हे शेवटी दोन गुणाकार असतात, आणि 0.90 ने आधी गुणले काय किंवा 1.18 ने आधी गुणले काय, गुणाकाराला त्याचे सोयरसुतक नसते. हे त्यांनी इतक्या आनंदाने सिद्ध केले की दुकानदाराचे उत्तर मात्र 43,200 आहे, हे आठवण करून देणे मला जिवावर आले.

खरी मेख तिथेच आहे. दुकानाच्या बिलात कर लावल्यानंतर वजा झाली ती टक्केवारी नव्हे, तर तिचा आधीच गोठवलेला आकडा, म्हणजे 4,000 रुपये. 10 टक्के काढले कर नसलेल्या रकमेवर आणि वजा केले कर असलेल्या रकमेतून. ठरावीक रुपयांची सूट कराच्या खाली गेली की त्या सुटीवरचा कर गिऱ्हाइकाच्या खिशातून जातोच; चार हजारांवर 18 टक्के म्हणजे नेमके 720. बिलात असा संशय आला, तर फरकाला सुटीने भागून पाहावे. उत्तर कराच्या दराइतके आले, तर चोर सापडला म्हणून समजावे. 43,200 ला 1.18 ने भागले तर 36,610 रुपये आणि 17 पैसे येतात; म्हणजे मला प्रत्यक्षात मिळालेली सूट साडेआठ टक्क्यांहूनही किंचित कमी होती. मालकांच्या तोंडात 10 होते, कागदावर साडेआठ उतरले.

कोल्हापूरहून माल मागवला असता तर असे झाले नसते, असे घरातून सुचवण्यात आले. तिथला व्यापारी माल इकडे पाठवताना सीजीएसटी आणि एसजीएसटी या दोन ओळींऐवजी 18 टक्क्यांची आयजीएसटी ही एकच ओळ लिहितो, एवढाच फरक पडला असता. सीमाभागात पुष्कळ गोष्टी सीमेमुळे बदलतात, पण सूट चुकीच्या ओळीत बसली की ती दोन्ही बाजूंना सारखीच चुकीची असते.

दुकानात काउंटरवर मालकांचा भाचा बसला होता. मी बिल पुढे सरकवले, तेव्हा तो म्हणाला, ‘काय करूलालाय ओ सर? कम्प्युटरनं काढलंय की बिल.’ संगणकाचे नाव घेतले की आपल्याकडे वाद संपतो अशी समजूत आहे. मी मालकांकडे वळलो आणि त्यांना एकच गोष्ट विचारली: 43,200 मधून सरकारला किती भरणार आणि तुमच्याकडे किती उरणार? त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. कराचे 7,200 भरायचे, उरले 36,000. आता बिल दुरुस्त करू: 42,480 मधून कराचे 6,480 भरायचे, उरले 36,000. मालकांनी तोच हिशेब पुन्हा केला. त्यांना दोन्हीकडून तेवढेच मिळत होते; मी झगडत होतो, ते अडून बसले होते, आणि आमच्या भांडणातले 720 रुपये निम्मे दिल्लीला आणि निम्मे बेंगळुरूला जाणार होते.

‘मग कायदा काय म्हणतो?’ त्यांनी आवाज उतरवून विचारले. जीएसटी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, विक्रीच्या वेळी किंवा आधी दिलेली आणि बिलावर नोंदलेली सूट करपात्र किमतीत धरायची नसते. कर उरलेल्या रकमेवर लागतो. वर्षअखेरीस किंवा उचल पाहून मागाहून मिळणाऱ्या सुटीची गोष्ट निराळी आहे. पण माझी सूट तर काउंटरवरच, भाच्यासमक्ष, जाहीर झालेली होती. उद्या मालकांनी ‘शेवटच्या आकड्यातून चार हजार कमी’ असे ठरवले असते, तर 43,200 हा सौदा म्हणून मला मान्य करावा लागला असता. तरीही कराच्या ओळीत 7,200 नव्हे, तर 36,610.17 वरचे 6,589.83 लिहायला हवे होते.

भाच्याने तेव्हा खरे कारण दाखवले. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूच्या ओळीत सुटीचा रकाना होता, पण तीनदा आकडा भरण्यापेक्षा तो सगळी सूट एकदाच, तळाशी, कराच्या खाली टाकत असे. आता त्याने रकान्यात 10 भरले. फरशा 18,360, बेसिन 5,580, नळ 12,060. करपात्र रक्कम 36,000. दोन्ही कर 3,240 प्रमाणे. जुने बिल त्याच दिवशी रद्द झाले.

एवढे होईपर्यंत मागे रांग लागली होती. खानापूरकडच्या एका गृहस्थांनी, बिल बरोबर आहे की नाही हे चटकन कसे ओळखायचे, असे विचारले. मी म्हणालो, ‘सीजीएसटीच्या रुपयांना 9 ने भागा आणि 100 ने गुणा. सूट वजा केलेली रक्कम आली तर ठीक, पूर्ण रक्कम आली तर थांबा.’ त्यांच्या हातातल्या बिलावर माल 15,000 चा, सूट 1,500 आणि सीजीएसटी 1,350 होता. त्यांनी बोटांवर हिशेब केला, काउंटरकडे पाहिले आणि म्हणाले, ‘आमचं बी पंधरा हजारच यूलालंय की ओ.’ मालकांनी भाच्याला चहा सांगायला पाठवले आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.