K जुळला म्हणून उत्तर जुळलं का?

रासायनिक समतोलाची गणितं आईस टेबलने सोडवतात: सुरुवातीची संहती, तिच्यातला बदल x आणि समतोलाची संहती अशा तीन ओळी. K म्हणजे समतोल स्थिरांक. या उत्तराच्या ताळ्याबद्दल एक दावा असा: «आईस टेबलचं उत्तर परत K च्या सूत्रात घालून बघणं म्हणजे वेळेचा अपव्यय. x त्याच समीकरणातून काढलाय, मग K येणारच. दोन मुळं आली तर धन मूळ घ्या आणि पुढे चला. ताळा केलाच आणि थोडाफार फरक दिसला, तर तो अंदाजामुळे असतो, सोडून द्या. आणि K जुळला तर विषय संपला, उत्तर शंभर टक्के बरोबर.»

हे सगळं एकाच अभिक्रियेवर घासून बघू: N₂O₄ ⇌ 2NO₂. रंगहीन N₂O₄ फुटतो आणि तपकिरी NO₂ तयार होतो. २५ अंश सेल्सिअसला K, म्हणजे समतोलातल्या NO₂ च्या संहतीचा वर्ग भागिले N₂O₄ ची संहती, ०.००४६१ धरू. भांड्यात सुरुवातीला फक्त N₂O₄ आहे, ०.०४०० मोल प्रति लिटर. बदलाच्या ओळीत N₂O₄ खाली −x आणि NO₂ खाली +2x. समीकरण असं होतं:

(2x)² / (0.0400 − x) = 0.00461

वर्गसमीकरण सोडवलं की x = ०.००६२४. म्हणजे समतोलाला N₂O₄ ०.०३३७६ आणि NO₂ ०.०१२४८. ताळा करू: ०.०१२४८ चा वर्ग भागिले ०.०३३७६, उत्तर ०.००४६१. जुळलं.

आता पहिला मुद्दा. x त्याच समीकरणातून आला, हे खरं, पण ताळा x चा करायचाच नसतो. टेबलच्या शेवटच्या ओळीतल्या संहती घ्यायच्या आणि त्या K च्या मूळ सूत्रात टाकायच्या. मधे जे काही खरडलंय, कंस सोडवणं, बाजू बदलणं, वर्गसमीकरण, त्यातलं काहीही या वाटेत येत नाही. समजा घाईत (2x)² चं 2x² झालं. ही चूक वर्गात इतकी नेहमीची आहे की वही न उघडताही सांगता येते. मग x येतो ०.००८५२, NO₂ होतो ०.०१७०४ आणि N₂O₄ ०.०३१४८. या संहती सूत्रात घातल्या की मिळतात ०.००९२२. हे ०.००४६१ च्या बरोबर दुप्पट आहे. ताळा चूक दाखवून थांबत नाही, ती कुठे शोधायची तेही सांगतो: उत्तर नेमकं दोन पट येतंय, म्हणजे कुठला तरी दोन वर्गातून निसटलाय. त्याच चुकीच्या 2x² मध्ये x परत टाकला असता, तर मात्र सगळं छान जुळलं असतं. वरच्या दाव्यात जे अर्धसत्य आहे, ते एवढंच.

दुसरा मुद्दा, धन मुळाचा. वरच्या उदाहरणात तो चालून गेला, कारण दुसरं मूळ −०.००७३९ होतं. पण भांड्यात सुरुवातीला N₂O₄ ०.०४०० आणि NO₂ सुद्धा ०.०४०० असेल तर? सुरुवातीचा भागाकार ०.०४ येतो, K पेक्षा कितीतरी मोठा. अभिक्रिया उलट्या दिशेनेच जाणार. तरी सवयीने टेबल तसंच मांडलं, −x आणि +2x, तर मुळं येतात −०.०१२२४ आणि −०.०२८९१. दोन्ही ऋण! धन मूळ शोधणारा इथे हात टेकतो, नाहीतर स्वतःच चिन्ह बदलून टाकतो, जे जास्त वाईट. खरं तर x ऋण असायला काहीच हरकत नाही, संहती ऋण असू शकत नाही. पहिल्या मुळाने N₂O₄ ०.०५२२४ आणि NO₂ ०.०१५५२ येतो, हे शक्य आहे. दुसऱ्याने NO₂ −०.०१७८२ येतो, हे अशक्य. म्हणून निवड x चं चिन्ह बघून करायची नाही, शेवटची ओळ लिहून करायची.

आणि गंमत बघा, ती अशक्य संहती सूत्रात घातली तरी K जवळजवळ अचूक येतो, कारण वर्ग केला की उणे चिन्ह गायब होतं. तेव्हा ताळ्याच्या आधी प्रत्येक संहती शून्यापेक्षा मोठी आहे ना, हे बघून घ्यायचं.

तिसरा मुद्दा, फरक सोडून देण्याचा. अंदाजाची पद्धत म्हणजे 0.0400 − x मधला x लहान समजून वगळायचा. आपल्या पहिल्या उदाहरणात तसं केलं तर x = ०.००६७९. आता खऱ्या संहती, म्हणजे ०.०३३२१ आणि ०.०१३५८, सूत्रात घालू: ०.००५५५. K पेक्षा वीस टक्क्यांनी जास्त. हा फरक अंदाजामुळेच आलाय, कबूल. पण याचाच अर्थ अंदाज इथे चालत नव्हता. x हा ०.०४०० च्या सतरा टक्के आहे, आणि पाच टक्क्यांपर्यंतच वगळा असा साधारण संकेत आहे. वर्गसमीकरण सोडवणं भाग आहे. इथे एक फसगत होते: ताळा करतानाही छेदात ०.०४०० च ठेवला, तर K अगदी तंतोतंत येतो आणि माणूस खूश होतो. छेदात x वजा केलेलीच संहती हवी.

चौथा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा. बदलाच्या ओळीत NO₂ खाली 2x ऐवजी नुसता x लिहिला, असं धरू. मग x ०.०११४७ येतो, NO₂ ०.०११४७ आणि N₂O₄ ०.०२८५३. सूत्रात घाला: ०.००४६१. पूर्ण जुळलं, आणि उत्तर तरीही चूक. K चं सूत्र फक्त एवढंच विचारतं की या दोन संहती एकमेकींबरोबर समतोलात राहू शकतात का. या दोन राहू शकतात. पण आपण सुरुवातीला जे भांड्यात टाकलं, त्यातून त्या निघतात का, हे त्या सूत्राला माहीतच नसतं.

ते विचारायला नायट्रोजन मोजायचा. सुरुवातीला दर लिटरला ०.०४०० मोल N₂O₄, म्हणजे नायट्रोजनचे अणू ०.०८०० मोल. चुकीच्या उत्तरात २ × ०.०२८५३ + ०.०११४७ = ०.०६८५३. दर लिटरमागे ०.०११५ मोल नायट्रोजन गेला कुठे? बरोबर उत्तरात मात्र २ × ०.०३३७६ + ०.०१२४८ = ०.०८००. उलट, 2x² वाल्या चुकीत ही बेरीज चोख ०.०८०० येते आणि K बिघडतो. एक ताळा जे सोडतो ते दुसरा पकडतो, म्हणून दोन्ही करायचे. अणूंच्या मोजणीला काही सेकंद लागतात, कॅल्क्युलेटरही लागत नाही. बदलाच्या ओळीतले गुणांक चुकले असतील तर ते इथेच सापडतात.

राहिला प्रश्न किती जुळलं की जुळलं म्हणायचं. ते आपण आकडे कुठे तोडले यावर आहे. NO₂ ०.०१२ आणि N₂O₄ ०.०३४ असे दोनच सार्थ अंक ठेवले, तर बरोबर उत्तराचाही K ०.००४२४ येतो, आठ टक्के कमी. तेच ०.०१२५ आणि ०.०३३८ ठेवले की ०.००४६२. NO₂ चा वर्ग होतो, म्हणून त्यातली तोडातोड जवळपास दुप्पट होऊन K मध्ये उतरते. उत्तरपत्रिकेत अंतिम संहती हव्या तेवढ्या अंकांत लिहा, पण ताळा करताना कॅल्क्युलेटरमधले न तोडलेले आकडे वापरा.